‘हाय सर, गायडन्स हवा होता’ या मेसेजला उत्तर का येत नाही?

भाची सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुलांची दुरुस्ती करणाऱ्या एका ज्येष्ठ इंजिनिअरना तिने लिंक्डइनवर लिहिलं होतं : ‘हाय सर, करिअरबद्दल गायडन्स हवा होता. कॉल करू का?’

तीन आठवडे उत्तर नाही.

मी याच क्षेत्रात आहे. असे मेसेज मलाही येतात. मदत करावीशी वाटते, पण त्यात प्रश्नच नसतो. तो शोधायचं काम वाचणाऱ्यावर पडतं.

आम्ही बसून नवा मेसेज लिहिला :

‘नमस्कार सर, आधीचा मेसेज मोघम होता, म्हणून नीट लिहिते. जुन्या पुलांवरचं तुमचं व्याख्यान ऐकल्यापासून दुरुस्तीच्या कामात यावंसं वाटतंय. आधी एम.टेक. करू की दोन वर्षं साइटवर काम? नवीन माणूस घेताना तुम्ही यातलं काय आधी बघता? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे.’

फी, अभ्यासक्रम वेबसाइटवर सापडतात. माणूस निवडताना सर काय बघतात, हे फक्त तेच सांगू शकतात. शिवाय उत्तर गाडीत बसल्या बसल्याही देता येतं.

व्याख्यान खरंच ऐकलं असेल तरच लिहा. नाहीतर पुढच्याच प्रश्नात खोटं उघडं पडतं. बायोडेटा जोडू नका, नोकरी मागितल्यासारखं वाटतं. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करून द्या.

भाचीला चौथ्या दिवशी उत्तर आलं : ‘आधी साइट. भेग बघून कारण ओळखता यायला हवं.’

तुमचा मेसेज अडला असेल तर नावं काढून कमेंटमध्ये टाका. मिळून लिहू.