आठ मात्रांची चाल

केरव्याचं एक आवर्तन आठ मात्रांचं. त्यात ‘आला वारा’ बसतं आणि ‘झरझर सर ये’ही बसतं. पहिल्यात अक्षरं चार, दुसऱ्यात सात. पण लघूची एक आणि गुरूच्या दोन धरून मोजा, दोन्हीकडे आठच मात्रा. मात्रावृत्ताची हीच मोकळीक. ‘पाऊस आला’ मात्र नऊ भरतं: पुढची सम येते तेव्हा ‘ला’ अजून तोंडातच असतो.

अभंगाचं तसं नाही. मोठ्या अभंगात अक्षरं मोजतात, सहा-सहा-सहा-चार, आणि गाताना ऱ्हस्व अक्षरही लांबवतात. म्हणून टाळावरच्या संथ चालीला मी अक्षरछंदच घेईन. भराभर सूर बदलणाऱ्या चालीत लांबवायला जागाच नसते, तिथे मात्रावृत्त बरं.