सवाईच्या बैठकीसाठी कपडे निवडताना

डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. आता तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर मांडवात होतो. खुर्च्या असतात, पण बराचसा श्रोतृवर्ग भारतीय बैठकीवर असतो आणि दुपारी उशिरा मांडलेलं बस्तान रात्री दहापर्यंत हलत नाही. मांडी घालून पाच-सहा तास! तेवढ्या वेळात नीट दिसतील आणि काचणारही नाहीत, असे कपडे निवडायचे तर आरशासमोर उभं राहून ठरवू नये. तेच कपडे घालून घरी सतरंजीवर अर्धा तास बसावं. कुठे ओढतंय, कुठे रुततंय हे तेव्हाच कळतं.

साडीपासून सुरुवात करते, कारण सवाईला साड्यांची हौस मोठी असते. पहिला मोह भरजरी पैठणीचा. पदर जड, जर टोचरी, आणि दाटीत कोणाचा पाय पडेल याची धास्ती. तिला लग्नसमारंभच बरा. कडक खळीची सुती साडी घरून निघताना फार देखणी दिसते. पण खळीमुळे कापड जिथे दुमडतं तिथेच घडी धरतं, आणि तासाभरात मांडीवर, गुडघ्यामागे सुरकुत्या पडतात त्या रात्रीपर्यंत जात नाहीत. माझी पसंती महेश्वरीला. तिच्यात बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो. त्यामुळे ती हलकी असते, तिला मंद झळाळी असते आणि सुतीपेक्षा ती कमी चुरगळते. मऊ झालेलं, चार-पाच धुण्यांतून गेलेलं इरकलही तितकंच छान.

मात्र साडी कितीही चांगली असली तरी खरा त्रास आतून होतो. हल्ली अंगाला चिकटून बसणारे, मासोळीच्या आकाराचे परकर फार खपतात. उभं राहिल्यावर त्यात साडी सुरेख चोपून बसते, पण गुडघे फाकवायला जागा नसल्याने मांडी घालताच येत नाही आणि सगळा वेळ पाय एका बाजूला घेऊन बसावं लागतं. बैठकीला घेरदार सुती परकरच हवा. सॅटिनचा नको, तो गादीवर घसरतो. बारीक नाडी तासाभरात कमरेत रुतते, म्हणून कमरेला रुंद पट्टा लावून घ्यावा. बांधताना पोटाशी दोन बोटं जातील इतका सैल ठेवावा, कारण बसल्यावर कमरेचा घेर वाढतो. निऱ्यांना पिन लावली असेल तर बसताना गुडघ्यांचा सगळा ताण त्या पिनेवर येतो आणि कापड फाटतं. म्हणून निऱ्या नुसत्या खोचाव्यात आणि बसायच्या आधी किंचित वर उचलून सैल कराव्यात. नऊवारीत ही अडचण येत नाही. काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात. नेसता येत असेल तर सुती नऊवारीसारखा बैठकीचा पोशाख नाही.

पुरुषांची गफलत बहुधा चुडीदारात होते. पोटरीला तंग असल्याने मांडी घातली की गुडघ्यावर ताण येतो आणि पायाला मुंग्या येतात. साधा सैल लेंगा घ्यावा आणि शिंप्याला आसन खोल ठेवायला सांगावं. झब्बा गुडघ्यापर्यंत असेल तर बसताना मागचा घोळ अंगाखाली दबतो आणि गळा मागे ओढला जातो. बसण्याआधी तो हाताने मागे उचलून धरायचा, आणि बाजूचे कट पुरेसे वर आहेत ना, हे शिवतानाच पाहायचं. जाड जीन्स मात्र टाळाच. कमरेची शिवण पोटात रुतते.

आता थंडी. दुपारी मांडवात उकडतं आणि रात्री नऊनंतर पुण्यातला पारा बाराच्या आसपास उतरू शकतो. सकाळी थंडी वाजली म्हणून जाड स्वेटर चढवून येणारे दुपारी घामाघूम होतात. त्यापेक्षा पातळ सुती कपड्यांवर एक जाकीट आणि पिशवीत लोकरीची शाल. शाल मोठी असावी, बसल्यावर गुडघेही झाकले जातील इतकी. दुपारी तीच घडी करून बुडाखाली घेता येते. नाट्यगृहातल्या वातानुकूलित सभागृहातही हीच शाल कामाला येते, तिथे तिसऱ्या अंकापर्यंत खांदे गारठतात.

आवाजाचाही विचार हवा. हातभर काचेच्या बांगड्या दाद देताना हात हलला की किणकिणतात, आणि आलापीत ते आसपासच्या दहा जणांना ऐकू जातं. एखादा पाटलीजोड किंवा मोत्याची कुडी पुरते. गजरा हवाच असेल तर तो मानेवर उतरता माळावा, उंच अंबाड्यावर नको, मागच्यांना रंगमंच दिसत नाही. चपला बैठकीबाहेर काढायच्या असल्याने बंदांचे बूट नकोत. कोल्हापुरी उत्तम, पण नवीकोरी करकरणारी नाही. चपलांसाठी वेगळी कापडी पिशवी घ्या आणि शालीसोबत मोज्यांचा जोड ठेवा. रात्री पावलंच आधी गार पडतात.