पाचशे तासांचा परिच्छेद

तिच्या सेमिनारच्या मसुद्यातला तो परिच्छेद अकरा ओळींचा होता आणि त्यात नऊ संदर्भ होते. एका गटाने २०१२ मध्ये ५०० तास टिकणारा सेल केला, दुसऱ्याने २०१३ मध्ये १००० तास गाठले, मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. शेवटी 'अशा रीतीने पेरोव्स्काइट सेलचं स्थैर्य सातत्याने वाढत आहे' असं एक वाक्य. इंग्रजी स्वच्छ होतं, संदर्भ नीट दिलेले होते. एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी असले परिच्छेद मी दरवर्षी वाचतो, त्यामुळे नजर आपोआप त्या ५०० वर जाऊन थांबली.

"हे पाचशे तास सेलनं काय केलं?" मी विचारलं.

"म्हणजे, सर? टिकला."

"उन्हात की कपाटात?"

ती गप्प राहिली. मूळ लेख तिने उघडलाच नव्हता. आकडा एका मोठ्या आढावा-लेखातल्या तक्त्यातून उचललेला होता.

सेमिनारशी संबंध नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. पेरोव्स्काइट हे मुळात १८३९ मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचं नाव. आता ते तशीच स्फटिकरचना असलेल्या साऱ्या पदार्थांना लावतात. सौर सेलमध्ये वापरतात ते पेरोव्स्काइट शिसं, आयोडीन आणि एक छोटा सेंद्रिय आयन यांचं असतं. त्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं म्हणजे मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड, CH3NH3PbI3. द्रावण काचेवर फिरवायचं, साधारण शंभर अंशांवर तापवायचं, की काही मिनिटांत चकचकीत काळपट फिल्म तयार. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने असा पहिला सेल केला तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. पण इतक्या कमी उष्णतेत जो स्फटिक जुळतो तो मोडायलाही फारसं काही लागत नाही. त्यातले आयन घट्ट बसलेले नसतात, आयोडीन तर खोलीच्या तापमानालाही जागा बदलत राहतं. पहिल्या सेलमध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट होता आणि फिल्म त्यातच विरघळत जायची. म्हणून स्थैर्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून या पदार्थाच्या मागे लागलेला आहे, आणि सेमिनारसाठी हा विषय दर वर्षी कुणी ना कुणी घेतोच.

आम्ही दोन्ही मूळ लेख काढले. २०१२ चा लेख कोरियातल्या पार्क यांच्या गटाचा. द्रव काढून टाकून संपूर्ण घन सेल करण्याचं मोठं काम त्यांनी केलं, कार्यक्षमता ९.७ टक्के मिळाली. ५०० तासांची गोष्ट अशी, की सेल सीलबंद न करता खोलीच्या तापमानाला हवेत ठेवले होते आणि मधूनमधून मोजले होते. त्या काळात ते सतत प्रकाशात काम करत नव्हते. २०१३ चा लेख ऑक्सफर्डमधल्या स्नेथ यांच्या गटाचा, लायटेन्स हे पहिले लेखक. तिथे १००० तास सेल खरोखरच कृत्रिम सूर्यप्रकाशात चालवला होता. पण त्या हजार तासांत टिकला तो प्रकाशप्रवाह, आणि तक्त्यात मात्र तो आकडा कार्यक्षमतेच्या आकड्यांशेजारी बसला होता. सेलची शक्ती म्हणजे प्रवाह गुणिले दाब. नळाला पाणी तेवढंच येत असलं तरी वरच्या मजल्यावर प्रेशर गेलेलं असू शकतं, तसं हे. नुसता प्रवाह टिकला म्हणून शक्ती टिकली असं म्हणता येत नाही.

थोडक्यात, ५०० आणि १००० हे एकाच पट्टीवरचे आकडे नव्हतेच. एक ठेवून दिलेल्या सेलचा, दुसरा राबणाऱ्या सेलचा. त्यांना शेजारी बसवून 'वाढ झाली' म्हणणं म्हणजे फ्रिजमधलं दूध किती दिवस टिकलं आणि चुलीवरचं किती वेळ टिकलं याची तुलना करणं. ही गफलत साऱ्या क्षेत्राचीच होती. म्हणून तर २०२० मध्ये अनेक गटांनी एकत्र येऊन चाचण्यांची नावं पक्की केली. ती ISOS या नावाने ओळखली जातात. पुढे D असेल तर अंधारात, L असेल तर प्रकाशात, O म्हणजे उघड्यावर, T म्हणजे तापमान वरखाली करून. तासांच्या आकड्याला यातलं एक अक्षर जोडता येत नसेल, तर तो आकडा परिच्छेदात घेऊ नये असं माझं मत आहे.

मग परिच्छेद उभारायचा कशावर? तासांवर नाही, तर सेल का मरतो यावर. तिच्या नऊ संदर्भांतच एक चांगला वाद दडलेला होता, तिने तो सालवार लावण्याच्या नादात विस्कटून टाकला होता.

सुरुवातीला खलनायक होतं पाणी. दमट हवेत काळी फिल्म पिवळी पडते, कारण शेवटी उरतं ते लेड आयोडाइड आणि ते पिवळं असतं. मधली पायरी जास्त रंजक आहे. पाण्याचा रेणू आधी स्फटिकात शिरून एक हायड्रेट बनवतो, आणि इथपर्यंतचं नुकसान कोरड्या हवेत भरून येतं. लेग्वी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे दाखवलं. दमटपणा लांबला तरच गोष्ट हाताबाहेर जाते. मग साहजिक उपाय म्हणजे सेल सीलबंद करायचा. बाष्प नाही, तर बिघाड नाही.

पण लायटेन्स यांच्या त्याच २०१३ च्या लेखात एक उलटी गोष्ट आहे, आणि तिने नेमकी तीच गाळली होती. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असलेले सीलबंद सेल उघड्या सेलपेक्षा लवकर मेले. कारण त्या थराच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन निसटलेल्या रिकाम्या जागा असतात. हवेतला ऑक्सिजन येऊन त्या बुजवतो. अतिनील किरण पडले की तो ऑक्सिजन सुटतो. सेल उघडा असेल तर हवेतून दुसरा येतो. बंद असेल तर जागा रिकामी राहते आणि इलेक्ट्रॉन तिथे अडकून पडतात. त्या थराऐवजी ॲल्युमिनाचा सांगाडा वापरल्यावरच ते १००० तास मिळाले होते. म्हणजे तो आकडासुद्धा या शोधाचं उत्तर म्हणून आलेला होता.

दुसरा धक्का कोनिंग्स आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा. पाणी नाही, ऑक्सिजन नाही, निव्वळ नायट्रोजन. तापमान ८५ अंश, वेळ २४ तास. तरीही मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड बिघडलं. हा ८५ चा आकडा हवेतून आलेला नाही. बाजारातल्या पॅनेलच्या मानक चाचण्यांत तोच असतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या पॅनेलला हात लावून पाहिलेला माणूस तो अवास्तव म्हणणार नाही.

दोन बैठकांनंतर परिच्छेद असा झाला. मूळ इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो:

'मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडच्या ऱ्हासाचं मुख्य कारण सुरुवातीला बाष्प मानलं गेलं. बाष्पामुळे प्रथम हायड्रेट बनतं आणि ही पायरी कोरड्या हवेत उलटते. संपर्क लांबल्यास लेड आयोडाइड उरतं (लेग्वी, २०१५). यावरून सीलबंदी पुरेशी वाटते, पण दोन निष्कर्ष याच्या विरुद्ध जातात. टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सीलबंद सेल प्रकाशात उघड्या सेलपेक्षा लवकर निकामी झाले, आणि कारण थराच्या पृष्ठभागावरून सुटणारा ऑक्सिजन होतं (लायटेन्स, २०१३). शिवाय नायट्रोजनमध्येही ८५ अंशांना २४ तासांत पदार्थ बिघडला (कोनिंग्स, २०१५). म्हणजे सीलबंदी बाहेरून येणाऱ्या कारणांना अडवते. शेजारच्या थरातून येणाऱ्या आणि खुद्द स्फटिकातल्या कारणांना नाही. या अभ्यासांतले नमुने आणि चाचण्या वेगवेगळ्या असल्याने कोणत्या कारणाचा वाटा किती, हे मात्र त्यांवरून ठरत नाही.'

संदर्भ नऊचे तीन झाले, याचं तिला वाईट वाटत होतं. मला शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते नसतं, तर तीन लेखांची मोळी बांधून लेखिकेने त्यांच्याकडून नको ते वदवून घेतलं असतं.

एक चूक राहिलीच होती. पुढच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं, की फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइड हा जास्त उष्णता सोसणारा भाऊसुद्धा 'असाच विघटन होऊन पिवळा पडतो'. पिवळा पडतो हे खरं, विघटन मात्र नाही. या पदार्थाला खोलीच्या तापमानाला काळी रचना मुळातच सोसत नाही, तेच अणू दुसऱ्या रचनेत सरकतात आणि ती रचना पिवळी असते. त्यातून काही बाहेर गेलेलं नसतं. साधारण दीडशे अंशांवर तापवलं की फिल्म पुन्हा काळी होते. दमट हवा या सरकण्याला हात देते, म्हणून तर गोंधळ होतो. डोळ्यांना दोन्ही पिवळेच दिसतात. फरक कळतो तो क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात. तांब्याच्या नेहमीच्या स्रोताने मोजलं तर लेड आयोडाइडचं शिखर १२.७ अंशांच्या आसपास येतं आणि या पिवळ्या रचनेचं ११.८ च्या आसपास. एका अंशाहूनही कमी अंतर, पण उपाय पूर्ण वेगळे. दुसऱ्या रोगाला पाणी अडवून भागत नाही, स्फटिकात थोडं सीझियम किंवा ब्रोमीन मिसळून काळी रचनाच बळकट करावी लागते.

सेमिनारच्या दिवशी प्रश्न आला तो अपेक्षेप्रमाणेच. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "हजार तास म्हणजे वापरात किती?" तिने फळ्यावर हिशोब मांडला. आपल्याकडे दिवसाला भर उन्हाचे साधारण पाच तास धरले तर १००० तास म्हणजे २०० दिवस, सात महिनेही नाहीत. पॅनेलकडून पंचवीस वर्षं मागायची तर पंचेचाळीस हजारांहून जास्त तास होतात. मग तिने खडू खाली न ठेवता कंसात लिहिलं: 'फक्त प्रकाशाचा हिशोब. रात्र धरलेली नाही.' कारण रात्री अंधारात सेलमधली काही घट भरून येते आणि काही येत नाही. दिवसभर सतत उजेडात ठेवलेल्या सेलकडे पाहून हे कळत नाही.

"मग रात्रीवर कुणी काम केलंय का?" मागच्या बाकावरून पुन्हा आवाज आला.

तिने वही उलटून एक संदर्भ सांगितला. गाळलेल्या सहांपैकी एक होता.