दहा फुटांतले सात फूट

घरातला कमावता माणूस अपघातात गेला की नातेवाईक वकिलाकडे येतात ते पगाराचा दाखला, पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन. भरपाई किती मिळेल हे उत्पन्नावर ठरतं अशी सगळ्यांची समजूत असते, आणि ती अर्धी खरी आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात इतकी वर्षं दावे चालवल्यावर मी मात्र सगळ्यात आधी घटनास्थळाचा पंचनामा मागतो. उत्पन्नाच्या बाजूचा हिशेब तक्त्यांनी बांधलेला असतो. चुकीच्या टक्क्याला तक्ता नाही, आणि बहुतेक घरांचं नुकसान तिथेच होतं.

हंगामात आमच्या भागात नेहमी घडणारी एक घटना सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ३४ वर्षांचा एक दुचाकी मेकॅनिक रात्री आठच्या सुमारास गॅरेज बंद करून मित्राला मागे बसवून गावी निघाला होता. वाटेत उसाने भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती आणि ट्रॅक्टरवाला जॅक आणायला गेला होता. दुचाकी मागून धडकली. मेकॅनिक जागीच गेला, मित्राचा पाय मोडला. फिर्याद दिली ट्रॅक्टरवाल्याने. त्यामुळे गुन्हा नोंदला गेला तो मयतावरच, भरधाव व हयगयीने गाडी चालवल्याचा. आरोपीच हयात नाही म्हणून पोलिसांनी प्रकरण बंद केलं.

घरच्यांनी तिथेच हाय खाल्ली. ‘आता काय मिळणार, केस त्याच्यावरच आहे,’ असं त्याचा भाऊ म्हणाला. हे खरं नाही. न्यायाधिकरण फिर्यादीला बांधलेलं नसतं. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावाही तिथे लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच पाहिलं जातं. गोव्यातल्या एका दाव्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा बजावलं.

आधी तक्त्यांची बाजू. माणूस जिवंत असता तर घरात किती पैसा आला असता, हा मूळ प्रश्न. गॅरेजवाल्याचं आयकर विवरणपत्र नव्हतं. पत्नी महिना २५ हजार सांगत होती. आम्ही शॉप अ‍ॅक्टचा परवाना, सुटे भाग विकणाऱ्याची बिलं आणि खात्यावर जमा होणाऱ्या रकमा दाखल केल्या. न्यायाधिकरणाने १५ हजार धरले. कमी वाटले, पण कागदांवरून तेवढेच निघत होते. पुढचं सगळं ठरलेलं आहे. प्रणय सेठी प्रकरणातल्या २०१७ च्या निकालानुसार चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१ हजार. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा.

या वजावटीकडे घरच्यांचं लक्ष नसतं. सरला वर्मा प्रकरणातल्या २००९ च्या निकालाप्रमाणे अवलंबून असलेली माणसं दोन-तीन असतील तर एक तृतीयांश वजा होतो, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. इथे पत्नी, दोन मुलं आणि आई असे चौघं होते. पण सासू-सुनेचं बिनसलं होतं आणि सून सासूचं नाव अर्जात घालायला तयार नव्हती. मी दोघींना समोर बसवून आकडे मांडले. तीन माणसांवर महिन्याचे १४ हजार उरतात, चारांवर १५,७५०. चौतीस वर्षांच्या वयाला गुणक १६. वर्षाचे बारा महिने आणि हे सोळा धरले की फरक ३ लाख ३६ हजारांचा होतो. सासू अर्जदार झाली.

१५,७५० चा सोळा वर्षांचा गुणाकार ३० लाख २४ हजार होतो. अंत्यविधी, मालमत्तेची हानी आणि चौघांच्या सहवासाच्या नुकसानीपोटी ठरलेल्या रकमा मिळवून एकूण ३२ लाख ५३ हजार ९००.

विमा कंपनीने या गणिताशी फारसा झगडा केला नाही. तिचं म्हणणं एकच होतं: उभ्या वाहनाला मागून धडकला, पक्कं लायसन्सही नव्हतं, म्हणून निम्मी चूक त्याची. निम्मी चूक म्हणजे सव्वासोळा लाख गेले. या दाव्यात प्रत्येक टक्का साडेबत्तीस हजारांचा होता, आणि तो कसा ठरवायचा याचं सूत्र कुठल्याच निकालात नाही.

म्हणून पंचनामा. डांबरी रस्ता २० फूट रुंद. डावी चाकं डांबराच्या कडेला, ट्रॉलीने व्यापलेली रुंदी ७ फूट. म्हणजे दुचाकीच्या वाट्याच्या दहा फुटांत तीनच मोकळे होते, आणि बाहेर आलेल्या उसाने त्यातलेही थोडे खाल्ले होते. मागे रिफ्लेक्टर असल्याची नोंद नाही. दगड वा झाडाच्या फांद्या ठेवल्याची नोंद नाही. वाहन धोक्याच्या स्थितीत सोडून जाण्यास मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ मनाई करतं. आरटीओच्या तपासणी अहवालात आणखी एक गोष्ट होती. ट्रॉलीचा मार उजव्या मागच्या कोपऱ्यावर होता. म्हणजे शेवटच्या क्षणी त्याने गाडी उजवीकडे घेतली; तो झोपेत नव्हता, त्याला ट्रॉली दिसली, पण उशिरा.

किती उशिरा? ताशी ५० किलोमीटर वेगाने दुचाकी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. अडथळा ओळखून ब्रेक लावेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २१ मीटर. थांबायला आणखी पंधरा-वीस. समोरून गाडी येत असताना, हेडलाइट खाली केलेला असताना, इतक्या अंतरावरची मळकट ट्रॉली दिसेलच असं नाही. मागे बसलेला मित्र साक्षीत म्हणाला, ‘समोरच्या गाडीच्या लायटीनं डोळं दिपलं होतं.’ ट्रॅक्टरवाला साक्षीला आलाच नाही. रात्री नेमकं काय घडलं हे सांगू शकणारा माणूस पिंजऱ्यात येत नाही तेव्हा त्याचा अर्थ त्याच्या विरुद्ध घ्यायला न्यायाधिकरण मोकळं असतं.

लायसन्सचा मुद्दा टिकला नाही. कागद नसल्यामुळे धडक झाली असं दाखवता आलं पाहिजे, नुसता कायदा मोडला एवढं पुरत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीरकुमार राणा प्रकरणात सांगितलं आहे, आणि मोटरसायकलवर तिघं बसल्याबद्दल २०२० मध्ये असंच म्हटलं आहे. तरीही उलटतपासात हे प्रश्न येतात आणि बावरलेली पत्नी ‘हो, चूक होती’ म्हणून बसते. ती तिथे हजर नव्हती. तिच्या या कबुलीला पुरावा मानणं मला साफ चुकीचं वाटतं.

चूक मात्र शून्य ठरली नाही. डोळे दिपल्यावर वेग कमी करायला हवा होता, असं न्यायाधिकरणाने म्हटलं आणि मयताची चूक २० टक्के धरली. हातात २६ लाख ३ हजार १२० आणि व्याज. वीसच का, दहा किंवा तीस का नाहीत, याचं कारण निकालपत्रात एका वाक्यापलीकडे नाही. उत्पन्नाच्या एकेका हजारावर चार पानं लिहिली जातात आणि साडेसहा लाखांची वजावट एका वाक्यात होते, हे मला कधीच पटलेलं नाही.

त्याच अपघातात पाय मोडलेल्या मित्राचा दावा सोबतच चालला. त्याच्या रकमेतून एक पैसाही कापला गेला नाही, कारण मागे बसलेल्याच्या हातात हँडल नव्हतं. त्याच्या दृष्टीने ट्रॅक्टरवाला आणि दुचाकीस्वार दोघंही चुकले, आणि अशा वेळी तो सगळी भरपाई कुणाही एकाकडून मागू शकतो. २०१५ च्या खेन्येई निकालाने हे पक्कं केलं आहे. त्याला ट्रॅक्टरच्या विमा कंपनीने पूर्ण रक्कम द्यायची, आणि वीस टक्क्यांसाठी हवं तर दुचाकीच्या विमा कंपनीमागे लागायचं.