पहिली बट आईवडिलांच्या हातून

थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेतून सुटका झालेल्या फुटबॉल संघातल्या अकरा मुलांनी जुलै 2018मध्ये मुंडन करून चीवर धारण केले. बारावा ख्रिस्ती असल्याने तो त्यांच्यात नव्हता. सुटकेच्या कामात प्राण गमावलेल्या सामन कुनान या पाणबुड्याला पुण्य अर्पण करावे, ही त्यामागची भावना. पंचविशीतला प्रशिक्षक भिक्खू झाला. मुले विशीच्या आतली, म्हणून ती श्रामणेर झाली, तीही नऊ दिवसांसाठी.

अशी तात्पुरती प्रव्रज्या थायलंडमध्ये घरोघरची गोष्ट आहे. मुलाच्या दीक्षेचे पुण्य आईवडिलांना, विशेषतः आईला मिळते, असे तिथे मानतात. आई स्वतः भिक्खू होऊ शकत नाही. मात्र घरच्यांच्या होकाराशिवाय कुणालाच दीक्षा मिळत नाही. हा नियम बुद्धांच्या घरातूनच आला. नातू राहुलला न विचारता प्रव्रजित केल्याने शुद्धोदन व्याकूळ झाले आणि यापुढे मातापित्यांची संमती घ्यावी, अशी विनंती त्यांनी केली. बुद्धांनी ती मान्य केली.

तयारी मुख्यतः जिभेची. दीक्षा मागण्याची पाली वाक्ये मुलगा विहारात राहून पाठ करतो. श्रामणेराची दीक्षा त्रिशरणानेच पुरी होते, त्यामुळे उच्चारांना फार जपावे लागते. ‘बुद्धं’मधला शेवटचा अनुस्वार नीट उमटावा म्हणून थायलंडमध्ये शरणवचने दोन प्रकारे म्हणवून घेण्याची पद्धत आहे.

मुंडनाला मात्र सगळे घर लागते. मुलगा हात जोडून बसतो. आईवडील कात्रीने पहिली बट कापतात, मग आजी-आजोबा, मामा-काका, शेजारी पुढे येतात. केस जमिनीवर पडू नयेत म्हणून कमळाचे पान धरलेले असते. उरलेले काम भिक्खूच्या वस्तऱ्याचे. थायलंडमध्ये भुवयाही काढतात, त्यामुळे आईला क्षणभर स्वतःचाच मुलगा अनोळखी वाटावा! मग त्याला पांढरी वस्त्रे नेसवून मिरवत विहारात नेतात. चीवर बहुधा आईच्या हातात असते.

तिथे उपाध्याय त्याला केस, लोम, नख, दंत आणि त्वचा या पाच गोष्टींचे ध्यान शिकवतात, आधी सुलट, मग उलट क्रमाने. सुरुवात केसांपासून, आणि ते तर नुकतेच उतरलेले असतात! चीवर नेसून शरण आणि दहा शीले घेतली की मुलगा श्रामणेर झाला. त्यानंतर आई त्याला जवळ घेत नाही, उलट वाकून नमस्कार करते. तिला काही द्यायचे असेल तर तो समोर कापड पसरतो आणि ती वस्तू त्यावर ठेवते. दुपारनंतरचे जेवणही बंद. घरी सारखे काहीबाही खाणाऱ्या पोरांना पहिले दोन-तीन दिवस हाच नियम सर्वांत जड जातो.

महाराष्ट्रातल्या विहारांतही अशी श्रामणेर शिबिरे भरतात, बरीचशी दहा दिवसांची. मुदत संपली की परतीचा विधी अगदी साधा: चीवर उतरवायचे, पंचशील घ्यायचे आणि घरचे कपडे घालायचे. इच्छा झाली तर पुन्हा दीक्षा घेता येते, आणि विशी ओलांडल्यावर भिक्खूही होता येते.