उन्हाने भाजलेली त्वचा : पहिल्या दोन दिवसांतील उपचार

तापलेल्या तव्याला हात लागला की वेदना तत्क्षणी होते. उन्हाने त्वचा भाजते तेव्हा तसे घडत नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी झालेली इजा बहुधा तीन ते पाच तासांनी जाणवू लागते, १२ ते २४ तासांत ती शिगेला पोहोचते आणि साधारणपणे तिसऱ्या दिवसापासून ओसरू लागते. सायंकाळी मुक्कामी परतलेल्या व्यक्तीला जी लाली दिसते, ती या इजेची केवळ सुरुवात असते. म्हणूनच उपचारांचा विचार करताना घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते.

अंदमानातील राधानगर किनाऱ्यावर डिसेंबर महिन्यात सहलीला गेलेल्या मुंबईच्या एखाद्या पर्यटकाचे उदाहरण घेता येईल. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत तो उघड्या अंगाने पाण्यात आणि वाळूत वावरला. सकाळचे ऊन कोवळे असते, असा त्याचा समज होता. परंतु संपूर्ण देशाची प्रमाणवेळ एकच असली, तरी अंदमानात सूर्य मुंबईच्या सुमारे ८० मिनिटे आधी माथ्यावर येतो. तेथील खरी मध्यान्ह सव्वाअकराच्या सुमारास होते. त्यामुळे या पर्यटकाने दिवसातील सर्वांत प्रखर ऊन अंगावर घेतले. वारा आणि पाणी यांमुळे त्याला उष्मा जाणवला नाही. मात्र अतिनील किरणांचा मारा हवेच्या तापमानावर अवलंबून नसतो.

दुपारी चारच्या सुमारास त्याचे खांदे आणि पाठ हुळहुळू लागली. गोऱ्या त्वचेवर अशा वेळी लाली स्पष्ट दिसते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर ती दिसेलच असे नाही. तेथे स्पर्शाला जाणवणारा गरमपणा, ओढल्यासारखा ताण आणि कपडा लागताच होणारी वेदना या खुणांवरून भाजल्याचे ओळखावे. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य काही प्रमाणात संरक्षण देते, परंतु ते संरक्षण मर्यादित असते.

या टप्प्यावर पहिले काम म्हणजे पुन्हा उन्हात न जाणे आणि त्वचा थंड करणे. नळाच्या गार पाण्याने हलक्या धारेखाली स्नान करावे किंवा गार पाण्यात भिजवून पिळलेला सुती पंचा दहा ते पंधरा मिनिटे पाठीवर ठेवावा. दिवसातून अनेक वेळा असे करता येते. बर्फ थेट लावू नये, कारण आधीच दुखावलेल्या त्वचेला अतिथंडीमुळे आणखी इजा होऊ शकते. त्यानंतर अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर असलेले जेल लावावे. तूप, खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली यांचा जाड थर या वेळी लावू नये. त्यामुळे त्वचेतील उष्णता कोंडली जाते. टूथपेस्ट आणि लिंबाचा रस यांनी दाह वाढतो. त्वचा बधिर करणारी मलमेही टाळावीत, कारण त्यांची अॅलर्जी होण्याचा संभव असतो. भाजलेल्या त्वचेतून पाणी अधिक प्रमाणात निघून जात असल्याने पाणी, ताक किंवा शहाळ्याचे पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे.

वेदनाशामक औषध दाह वाढण्यापूर्वी, म्हणजे पहिल्याच सायंकाळी घेतल्यास अधिक उपयोगी ठरते. प्रौढ व्यक्तीने आयबुप्रोफेनची ४०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर घ्यावी. दोन गोळ्यांमध्ये आठ तासांचे अंतर ठेवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसभरात १२०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. या गोळीने वेदना कमी होते. जखम लवकर भरून येते असे नाही. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये. सडकून ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तेव्हाही ती टाळावी. अशा वेळी पॅरासिटामॉल सामान्यतः सुरक्षित असते. बाजारात ही दोन्ही औषधे एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात. त्यांच्या जोडीला आणखी एक गोळी घेतल्यास मात्रा दुप्पट होते. म्हणून वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. लहान मुलांना पॅरासिटामॉल वजनाप्रमाणेच द्यावे. अॅस्पिरिन देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी या पर्यटकाच्या खांद्यांवर पाण्याने भरलेले फोड आले. फोड येणे म्हणजे इजा त्वचेच्या वरच्या थराखाली पोहोचली आहे. फोडावरील पातळ पापुद्रा ही नैसर्गिक पट्टी असते. तिच्याखाली नवी त्वचा तयार होते आणि जंतूंना मज्जाव होतो. त्यामुळे फोड सुईने फोडू नयेत. फोड आपोआप फुटल्यास हात धुऊन ती जागा साबण व पाण्याने हळुवार स्वच्छ करावी, पापुद्रा ओढून काढू नये, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावून वर न चिकटणारी पट्टी ठेवावी. औषधांच्या दुकानात यासाठी पॅराफिन गॉज मिळते. येथे जेली चालते, कारण आता तिचे काम उघड्या जखमेला ओलसर ठेवणे आणि पट्टी चिकटू न देणे हे असते. पट्टी दररोज बदलावी. परतीच्या प्रवासात पाठीवरच्या पिशवीचे पट्टे फोडांवर घासतात. ती पिशवी हातात घेणे हिताचे.

काही लक्षणे घरगुती उपचारांच्या पलीकडची असतात. बोटांसह स्वतःचा तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का, असा ढोबळ हिशेब आहे. अनेक तळहातांएवढ्या जागेवर फोड आले असतील किंवा ते चेहरा, हात अथवा जननेंद्रियांवर असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. हुडहुडी भरून ताप येणे, वारंवार उलट्या, उभे राहताच चक्कर, लघवी फार कमी होणे, डोळ्यांत तीव्र वेदना किंवा प्रकाश सहन न होणे ही लक्षणे दिसल्यासही विलंब करू नये. एक वर्षाखालील बाळ भाजले असल्यास लक्षणांची वाट पाहू नये. अंग तापलेले असून व्यक्ती असंबद्ध बोलू लागल्यास किंवा बेशुद्ध पडल्यास तो उष्माघात असू शकतो. ११२ क्रमांकावर मदत मागवून रुग्णाला तातडीने सावलीत न्यावे आणि अंगावर गार पाणी ओतत राहावे.

संसर्गाची ओळख पुन्हा घड्याळावरूनच पटते. ४८ तासांनंतर वेदना कमी व्हायला हवी. ती वाढत असेल, फोडांतून पू येत असेल किंवा जखमेपासून लाल रेषा पसरत असतील, तर उपचारांची गरज आहे. थोड्याशा उन्हाने फार भाजले असल्यास चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, कारण डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते.

सर्व काही सुरळीत असेल, तर चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान त्वचेची सालपटे निघू लागतात. ती ओढू नयेत. खालची नवी त्वचा नाजूक असते आणि तिच्यावर काळपट डाग सहज राहतात. त्यामुळे ती पूर्ण बरी होईपर्यंत बाहेर जाताना सैल, घट्ट विणीच्या सुती कपड्याने झाकावी.