रेक्झिनवरची निळी रेघ

भाचीने आमच्या बदामी रेक्झिनच्या सोफ्यावर बॉलपेनने वीतभर रेघ ओढली, तेव्हा बहीण ओलं फडकं घेऊन धावली. मी तिला थांबवलं. बॉलपेनची शाई तेलकट असते. ती पाण्याला दाद देत नाही, घासल्यावर मात्र पसरते.

ती अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला एक थेंब लावून पाहिला. मग कान साफ करायच्या काडीचा कापूस जेमतेम ओला करून रेघेवर टोकाटोकाने टेकवत गेलो. कापूस निळा झाला की नवी काडी. अशा अकरा काड्या लागल्या. शेवटी ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं.

कापसावर शाईऐवजी सोफ्याचा रंग दिसू लागला, तर तिथेच थांबावं. वरचा थर सुटतोय. खऱ्या चामड्यावर हा धोका जास्त, आणि मऊ, लव असलेल्या चामड्यावर तर हा प्रयोग नकोच. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन रेक्झिनच खराब करतं.

आमची रेघ तासाभराची होती. महिन्यांपूर्वीची शाई रेक्झिनच्या प्लास्टिकात आत मुरते. ती फिकी होते, पूर्ण जात नाही.